मदत हवी आहे: डेडलाईन हुकल्याची मेल साहेबांना कशी लिहू, फार तुटक वाटतेय

मांजलपूरची_मुग्धा:
मी इथे वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. सप्टेंबरची जीएसटीची 2B, म्हणजे सप्लायर्सनी पोर्टलवर दाखवलेल्या बिलांची यादी, आणि आपलं खरेदी रजिस्टर जुळवून शीट आज 17 तारखेला 5 पर्यंत साहेबांना द्यायची होती, ती होत नाहीये कारण अंकलेश्वर ब्रांचची बिलं आज दुपारी 3 ला आली. मेल इंग्लिशमध्येच जाईल पण मजकूर असा आहे:

"सर, 2B चं काम आज होणार नाही. ब्रांचने डेटा उशिरा दिला, मी दोनदा आठवण केली होती. उद्या बघते."

नवरा म्हणाला भांडायला निघाल्यासारखं वाटतंय. मग मी "थोडासा उशीर होतोय" असं केलं तर म्हणे आता तुला काही पडलेलीच नाही असं वाटतंय. काय करू?

दांडियाबाजार_काका:
घाबरू नका, जीएसटीची महिन्याची रिटर्न 3B 20 तारखेनंतर भरली तरी लेट फी रोजची 50 रुपये असते, वर टॅक्स बाकी असेल तर 18 टक्क्यांनी व्याज. पोर्टलला मेल करून काही होत नाही.

मांजलपूरची_मुग्धा:
अहो काका, मेल पोर्टलला नाही, आमच्या साहेबांना करायचीय 😅

रावपुरा_रायडर:
सोप्पंय. कारण लिहायचंच नाही. कारण दिलं की बचाव वाटतो. सुरुवातीला सॉरी, शेवटी सॉरी, झालं.

खतावणी:
रायडर, अर्धं बरोबर आहे. दोष द्यायचा नाही हे खरं, पण कारणच नसेल तर साहेब पहिला फोन "का?" असं विचारायलाच करणार. फरक वाक्यात कोण आहे त्याने पडतो. "ब्रांचने उशीर केला" यात माणूस आहे, "बिलं आज 3 ला मिळाली" यात फक्त वेळ आहे, आणि ती वेळ वाचून त्यांना जे समजायचं ते समजतं. सॉरी एकदा पुरे, तेही शेवटी.

मुग्धा, खरी अडचण "उद्या बघते" मध्ये आहे. साहेबांच्या डोक्यात 20 तारीख आहे, त्यांना एवढंच कळायला हवं की 3B अडकतेय का, किती टॅक्स क्रेडिट लोंबकळतंय आणि शीट किती वाजता येईल. हे तीन आकडे नसले की कितीही गोड लिहा, निष्काळजीच वाटतं. किती बिलं राहिलीत?

मांजलपूरची_मुग्धा:
240 पैकी 212 जुळली. 28 राहिली, सगळी अंकलेश्वरची, क्रेडिट साधारण 3 लाख 40 हजार. उद्या 11 पर्यंत होतील.

खतावणी:
मग 1 लिहा, 11 नको, एकदा हुकल्यावर परत हुकली तर मेल कशीही असो काही उपयोग नाही. आणि "सगळी जुळवून देते" असं बिलकुल लिहू नका. एखाद्या सप्लायरने त्याची विक्रीची रिटर्न GSTR-1 भरलीच नसेल किंवा मुदतीनंतर भरली असेल तर त्याचं बिल या महिन्याच्या 2B मध्ये दिसणारच नाही, ते जुळवणं तुमच्या हातात नाही. मी असं लिहिलं असतं:

"विषय: सप्टेंबर 2B मिळवणी, आज 5 ऐवजी उद्या दुपारी 1 ला

सर, 2B ची शीट आज 5 पर्यंत पूर्ण होत नाहीये. 240 पैकी 212 बिलं जुळली, तो भाग सोबत आहे, तपासणी त्यावर सुरू करता येईल. उरलेली 28 बिलं अंकलेश्वरची, मला आज 3 ला मिळाली, त्यांचं क्रेडिट सुमारे 3.40 लाख आहे. उद्या 1 पर्यंत यातलं प्रत्येक बिल एकतर जुळलेलं असेल किंवा 2B मध्ये नाही म्हणून वेगळ्या यादीत असेल. 20 च्या 3B ला यामुळे अडचण येत नाही. उशिराबद्दल सॉरी."

आणि हे 5 च्या आधी जाऊ द्या. तेच शब्द साडेपाचला गेले की खुलासा होतात.

मांजलपूरची_मुग्धा:
हे खूपच बरं वाटतंय. पण मी 14 ला आणि 16 ला ब्रांचला आठवण केली होती ते कुठेच नाही आलं?

खतावणी:
या मेलमध्ये नको. विचारलं तर त्या मेल फॉरवर्ड करा.

सयाजीगंज_सौ:
मला नाही पटत. आमच्याकडे मी असंच गप्प राहिले तर अप्रेजलला "फॉलोअप कमी" असं आलं. तेव्हापासून मी एक ओळ टाकतेच, "ब्रांचशी 14 पासून संपर्कात आहे" एवढंच. यात चुगली कुठेय?

खतावणी:
तुमची ओळ वाईट नाही, माझी हरकत "दोनदा आठवण केली होती" मधल्या मोजणीला आहे. साहेब कसे आहेत त्यावर ठरवा.

रावपुरा_रायडर:
आणि ब्रांचवाल्याला सीसीत ठेवायचं का? मी ठेवतो, काम पटकन होतं.

मांजलपूरची_मुग्धा:
नको बाबा, तो साहेबांचा खास आहे, उद्याची बिलं पण अडवेल. सौ, तुमची 14 पासूनवाली ओळ टाकतेय. 4:35 झाले, पाठवते.