मदत हवी आहे: राऊथने सिस्टिम स्थिर, माझ्या बोडे प्लॉटवर अस्थिर

सेमीलॉगवाला
टीई इलेक्ट्रिकलला आहे, पुण्यात. G(s) = 200/[s(s+2)(s+20)], युनिटी फीडबॅक. आप्पा बळवंत चौकातून सेमीलॉग पेपर आणून काढलं. 200 म्हणजे 46 डीबी, म्हणून ω = 1 ला 46 मधून जाणारी −20 उताराची रेषा, 2 पासून −40, 20 पासून −60. रेषा शून्य डीबीला 20 वर येते. तिथे फेज −219°, म्हणजे फेज मार्जिन −39°. पण राऊथमध्ये 22×40 = 880, ते 200 पेक्षा मोठं, म्हणजे स्थिर! काय गंडलंय?

भोसरीकर
कॉर्नरला 3 डीबी खाली घ्यायचं राहिलं असेल. सरळ रेषांनी एवढा फरक पडतोच.

निवृत्त_मास्तर
3 डीबीने −39 चे अधिक होत नाहीत हो. अरे बाळा, कंसांतून 2 आणि 20 बाहेर काढ. 200/40 = 5 उरतात, G = 5/[s(1+s/2)(1+s/20)]. आता ω = 1 ला 46 नाही, 14 डीबी. तुझी अख्खी रेषा 32 डीबी वर बसली आहे. फेज बरोबर आहे, त्याला गेनशी देणंघेणं नाही.

नवी रेषा 2 वर 8 डीबीला येते, मग −40 ने उतरून 3.16 ला शून्य. तिथे फेज सुमारे −157°, मार्जिन 23°. भोसरीकरांची दुरुस्ती इथे कामाला येते: खरा वक्र थोडा आधी, 2.85 ला शून्य गाठतो आणि मार्जिन 27° होतं.

गेन मार्जिनसाठी फेज −180° कुठे होते ते बघ: √(2×20) = 6.32. तिथे रेषेवर −12 डीबी, म्हणून मार्जिन +12. चिन्ह उलटतं, इथे पोरं हमखास घसरतात. अचूक उत्तर 12.9. ताळा तुझ्याच राऊथमध्ये आहे: 880/200 = 4.4 पट, त्याचेच 12.9 डीबी.

चाकण_ड्राइव्ह्ज
आमच्या मोटर लूपला कागदावर असंच छान मार्जिन होतं, तरी हेलकावे. कंट्रोलरचा विलंब धरलाच नव्हता. या उदाहरणात 0.1 सेकंद विलंब टाका: 2.85 ला 16° जातात, उरतात 11. मॅग्निट्यूड तसंच राहतं, म्हणून नुसतं ते पाहून कळत नाही.

सेमीलॉगवाला
मास्तर, जुळलं! 880 चा ताळा तर भारीच. पण परीक्षेत 23 लिहू की 27? सर म्हणतात, आलेखावरून वाचा.

निवृत्त_मास्तर
मी रेषांवरचं 23 ग्राह्य धरायचो, ω सोबत लिहिलेला असेल तर.

भोसरीकर
आमच्या सरांनी त्यालाच मार्क कापले होते. करेक्शन काढून दाखव.