इशारे हातात होते, तरी हल्ला अचानक कसा? १९७३ च्या ऑक्टोबरवरून

जेलरोडकर:
६ ऑक्टोबर १९७३ ला इजिप्त आणि सीरियाने इस्रायलवर एकाच वेळी हल्ला केला. पण वाचायला गेलं तर इशारे ढीगभर मिळालेले दिसतात. मग त्याला 'अचानक' का म्हणायचं? माझ्या मते हा वरच्या लोकांचा निव्वळ माज होता, दुसरं काही नाही. पटत नसेल तर सांगा.

जुना तोफची, देवळाली:
माज होता, नाही म्हणत नाही. १९६७ ला सहा दिवसांत जिंकलेली फौज होती ती. पण 'माज' म्हटलं की पुढे विचार करायचं काही उरत नाही, म्हणून मला तो शब्द पुरत नाही. मी तोफखान्यात होतो आणि नवीन पोरांना हा प्रसंग नेहमी सांगायचो, कारण यात मूर्ख कोणीच नव्हतं.

इस्रायलच्या लष्करी गुप्तचर विभागाचं एक गृहीतक होतं. ते असं, की इजिप्तला लांब पल्ल्याची बॉम्बफेकी विमानं आणि क्षेपणास्त्रं मिळाल्याशिवाय तो युद्धाला उभा राहणार नाही, कारण इस्रायलचे विमानतळ मारता आले नाहीत तर त्याचं काही चालणार नाही. आणि इजिप्तशिवाय सीरिया एकटा येणार नाही. हे हवेतून आलेलं नव्हतं. इजिप्तच्या सत्तेच्या अगदी आतल्या माणसाने, आधीचे राष्ट्राध्यक्ष नासर यांच्या जावयाने, अश्रफ मारवानने दिलेल्या माहितीवर ते उभं होतं. आणि ती माहिती त्या वेळी खरीच होती.

पुढे बदल झाला तो इजिप्तच्या हेतूत. १९७२ च्या ऑक्टोबरात इजिप्तचा राष्ट्राध्यक्ष सादात याने सेनापतींना सांगितलं, आता थांबायचं नाही, हातात आहे त्यावर लढायचं. त्याला इस्रायलच्या ताब्यातला सगळा सिनाय जिंकायचा नव्हता. सुएझ कालवा ओलांडायचा, पलीकडे काही किलोमीटरची पट्टी धरायची, डोक्यावर आपल्याच विमानविरोधी क्षेपणास्त्रांचं छत्र ठेवायचं आणि अडकून पडलेला राजकीय प्रश्न हलवायचा, एवढंच. अशा लढाईला लांब पल्ल्याची विमानं लागतच नाहीत. इस्रायल मात्र 'हा जिंकू शकत नाही, म्हणून येणार नाही' असा हिशोब मांडत राहिला. समोरचा जिंकण्यासाठी येतच नव्हता.

सिडको विक्रांत:
काका, म्हणजे इस्रायलची हेरसंस्था मोसाद झोपली होती हेच ना? एवढा गाजावाजा आणि आयत्या वेळी डुलकी.

जुना तोफची, देवळाली:
अर्धं बरोबर, विक्रांत. डुलकी लागली खरी, पण मोसादला नाही. ५ ऑक्टोबरच्या रात्री मोसादचे प्रमुख झ्वी झमीर स्वतः लंडनला जाऊन मारवानला भेटले. त्याने सांगितलं, उद्या संध्याकाळी युद्ध. पहाटे तो निरोप तेल अवीवला पोचला. हल्ला दुपारी २ ला झाला, म्हणजे वेळेत चार तासांची चूक, पण दिवस अचूक.

देशाला 'युद्ध होणार की नाही' हे सांगायचं काम मात्र लष्करी गुप्तचर विभागाचं होतं आणि त्याचे प्रमुख एली झाइरा. अंदाज बांधण्याचा मक्ता एकाच खात्याकडे. १ आणि ३ ऑक्टोबरला दक्षिण विभागातल्या एका तरुण लेफ्टनंटने, बिन्यामिन सिमान-तोव्हने, दोन टिपणं लिहिली. कालव्यापलीकडचा सराव हा सराव नाही, हल्ल्याचं आवरण आहे, असं त्यात होतं. त्याच्या वरिष्ठाने ती पुढे पाठवलीच नाहीत. ४ तारखेच्या रात्रीपासून रशियन सल्लागारांच्या बायका-मुलांना इजिप्त आणि सीरियातून विमानाने हलवणं सुरू झालं. तरी ५ तारखेचा अंदाज 'शक्यता कमी' असाच राहिला.

भांडीबाजार ताई:
लढायांचं मला कळत नाही, पण इशाऱ्यांबद्दल बोलते. आमचं भांड्यांचं दुकान नाशकात गंगेजवळ, म्हणजे गोदावरीजवळ आहे. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडणार म्हणून कर्णा फिरतो. पहिल्या वेळी आम्ही सगळा माल वर चढवला, पाणी रामकुंडापाशीच थांबलं. दुसऱ्या वेळी परत चढवला, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पाणी आलं आणि उतरलं. पितळेची पातेली, हंडे, परात दोन माणसांनी दिवसभर उचलायची म्हणजे काय ते करणाऱ्यालाच माहीत, आणि त्या दिवशी विक्री शून्य. तिसऱ्या वेळी सासरे म्हणाले, थांबू जरा, दुतोंड्याच्या छातीला लागलं की बघू. २०१९ च्या ऑगस्टात आम्ही थांबलो होतो, आणि पाणी छातीवरून वर गेलं तेव्हा माल उचलायला वाट उरली नव्हती. आम्ही माजलेलो होतो का? थकलो होतो.

जुना तोफची, देवळाली:
ताई, तुम्ही विषयाबाहेर गेला नाहीत, बरोबर मध्यावर आलात. १९७३ च्या मे महिन्यात नेमकं हेच घडलं होतं. तेव्हाही युद्धाची खबर आली, सरसेनापती डेव्हिड एलाझारने सैन्याची तयारी वाढवली, पैसा गेला. झाइरा म्हणत होते, काही होणार नाही. काही झालं नाही. त्यामुळे ऑक्टोबरात झाइरांचा शब्द आणखी वजनदार झाला आणि एलाझारची जीभ आखडली.

फरक एकच आहे आणि तो मोठा आहे. गंगा तुम्हाला फसवत नाही. तुम्ही कधी थकता हे तिला ठाऊक नसतं. शत्रूला असतं. इजिप्तने त्या वर्षभरात वीसेक वेळा राखीव सैनिक बोलावले आणि परत घरी पाठवले. दरवेळी समोरच्याने हातातलं काम सोडून सावध व्हायचं आणि दरवेळी व्यर्थ. ऑक्टोबरातल्या हालचालीलाही वार्षिक सरावाचं नाव होतं. हल्ल्याच्या सकाळी कालव्याच्या काठावर काही इजिप्शियन सैनिक शिरस्त्राणाशिवाय बसलेले, पोहताना दिसत होते. थकवा शत्रूनेच पेरलेला होता.

पंचवटी इतिहासप्रेमी:
महाराजांचं नाव अजून कोणी काढलं नाही याचं नवल वाटतं. एप्रिल १६६३, पुणे, लाल महाल. शाहिस्तेखान लाखभर फौजेच्या मधोमध झोपलेला. त्याला कोणी सावध केलं नसेल का? पण 'या गर्दीत कोण येणार' हीच त्याची खात्री. रमजानचा महिना होता तो, आणि योगायोग म्हणजे १९७३ चा हल्लाही रमजानातलाच. धाडस असलं की इशारे आपोआप फोल होतात, मला एवढंच म्हणायचंय.

जुना तोफची, देवळाली:
उदाहरण चपखल, निष्कर्षाशी मी सहमत नाही. निव्वळ धाडस असतं तर महाराज पहिल्याच चौकीवर अडकले असते. ज्या वाड्यात लहानपण गेलं त्याची प्रत्येक भिंत त्यांना माहीत होती. खानाने पहारा बसवला तो सैन्याविरुद्ध, मूठभर माणसांविरुद्ध नाही. इस्रायलनेही सुएझच्या काठावर वाळूचा उंच बांध उभारला होता. तो फोडायला इजिप्तला एक-दोन दिवस लागतील असा त्यांचा हिशोब होता. इजिप्तच्या अभियंत्यांनी पाण्याचे जोरदार पंप लावून काही तासांत त्यात वाटा पाडल्या. त्या वेळी सगळ्या काठावर मिळून साडेचारशेच्या आसपास इस्रायली सैनिक होते.

कॉलेजरोड गणित:
मला दोन्ही बाजू पटत नाहीत. तुम्ही सगळे शेवट माहीत असलेल्या जागेवरून मागे बघताय. आज सिमान-तोव्हची टिपणं ठळक दिसतात, कारण पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. त्या आठवड्यात त्याच टेबलावर 'काही होणार नाही' म्हणणारे कागदही होते. खरी खूण आणि फालतू खूण यांच्यावर आधीपासून शिक्का नसतो. मी शिकवतो म्हणून सांगतो, दहा वेळा खोटा ठरलेला इशारा अकराव्या वेळी कमी मानणं हा मूर्खपणा नाही, तो बरोबर हिशोब आहे. झाइराला खलनायक करून काहीच हाती लागत नाही.

जेलरोडकर:
सर, मग जबाबदारी कोणाचीच नाही? अडीच हजारांवर इस्रायली सैनिक मेले त्यात. युद्धाची चौकशी करणाऱ्या आग्रानात आयोगाने १९७४ ला झाइरा आणि एलाझार दोघांनाही पदावरून दूर करायची शिफारस केली, ती उगाच?

कॉलेजरोड गणित:
उगाच नाही. मी इतकंच म्हणतोय की माणूस बदलून गणित बदलत नाही.

जुना तोफची, देवळाली:
सर, इथे मी तुम्हाला अडवतो. तुमच्या गणितात एक गोष्ट राहिली. इशारा खरा असण्याची शक्यता कमी असली तरी तो चुकला तर नुकसान किती, हेही त्यात घालायला हवं. इस्रायलची फौज बहुतेक राखीव, म्हणजे ती घरात असते. ती उभी करायला ४८ तास आधी सूचना मिळेल असं झाइरांच्या विभागाने सरकारला सांगून ठेवलं होतं. सगळा देशाचा बचाव त्या एका वचनावर टेकलेला होता. असं असताना 'शक्यता कमी' हे उत्तर पुरेसं नाही. सीरियाच्या बाजूच्या गोलान टेकड्यांवर त्या दिवशी सीरियाचे चौदाशेच्या आसपास रणगाडे आणि इस्रायलचे १७७ होते. तिथे शक्यता थोडी असली तरी रणगाडे वाढवायला हवे होते.

आणखी एक गोष्ट मला जास्त खटकते. इजिप्तमध्ये चोरून ऐकण्याची काही खास साधनं बसवलेली होती. वरिष्ठांची समजूत होती की ती सुरू आहेत आणि त्यांच्यातून काही ऐकू येत नाही, म्हणजे काही नाही. प्रत्यक्षात झाइरांनी ती वेळेवर सुरूच केली नव्हती. इथे खूण फालतू होती असं नाही, खूण घेतलीच नव्हती. हे हिशोबाच्या चुकीत बसत नाही.

कॉलेजरोड गणित:
साधनांचा मुद्दा मान्य. तो वेगळा दोष आहे. ४८ तासांचा मुद्दाही घेतो. पण मग दर महिन्याला फौज बोलवायची का? देश चालेल कसा? ताईंच्या दुकानासारखंच होईल ते.

भांडीबाजार ताई:
आम्ही आता पूर्ण माल उचलत नाही. तळाला हलक्या किमतीचा माल ठेवतो आणि जड, महागडा पावसाळाभर माळ्यावरच असतो. कर्णा वाजला की उचलायला थोडंच उरतं. त्यामुळे खोटा ठरला तरी जीव जात नाही.

जुना तोफची, देवळाली:
सर, तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडे होतं त्यापेक्षा नेमकं उत्तर ताईंनी दिलं. सावध होणं स्वस्त केलं की माणूस इशारा ऐकतो. आणि एक सांगायचं राहिलं. ६ तारखेला सकाळी एलाझारने पूर्ण फौज बोलवायची मागणी केली, संरक्षणमंत्री दायान थोडीच म्हणत होते, शेवटी पंतप्रधान गोल्डा मेयर यांनी लाखभर माणसांना परवानगी दिली. तो ज्यूंचा योम किप्पूर, उपवासाचा सण होता. रस्ते रिकामे, लोक घरात नाहीतर प्रार्थनेला. त्यामुळे माणसं नेहमीपेक्षा लवकर गोळा झाली. ज्या दिवसाच्या गाफीलपणावर हल्ला बेतला होता, त्याच दिवसाने त्यांना थोडं तारलं.

सिडको विक्रांत:
मोसादबद्दलचं माझं चुकलं, मान्य. पण नंतर एक विरोधी मत मांडणारा गट तयार केला म्हणतात, सगळ्यांच्या उलट बोलायचं हेच त्याचं काम. त्याने हा रोग गेला का?

जुना तोफची, देवळाली:
गट केला, हे खरं. पण उलट बोलणं हीच ज्याची नेमलेली नोकरी, त्याचं बोलणं हळूहळू नेहमीचंच होतं. सगळे मान हलवतात आणि पुढे जातात. सिमान-तोव्हला कोणी उलट बोलायला नेमलं नव्हतं, त्याने नकाशा बघून लिहिलं. त्याचं टिपण त्याच्या वरिष्ठाला डावलून वर जाऊ शकलं असतं, अशी वाट हवी होती. ती एखाद्या फौजेत खरंच चालू राहू शकते का, यावर मी स्वतः ठाम नाही.

जेलरोडकर:
आणि मारवान? तो दोन्हीकडचा होता असं झाइरा नंतर म्हणत राहिले ना? म्हणजे मुद्दाम उशिरा सांगितलं?

जुना तोफची, देवळाली:
झाइरा म्हणत राहिले, झमीर आणि मोसादने ते मानलं नाही. २००७ ला मारवान लंडनमध्ये घराच्या सज्ज्यावरून पडून मेला, तेही कसं हे ठरलेलं नाही. मला तो इस्रायलचाच माणूस वाटतो, कारण इजिप्तला शेवटची दहा तासांची सूचना देण्यात काय मिळणार होतं? पण हा माझा तर्क.

कॉलेजरोड गणित:
उलटही म्हणता येईल. शेवटी खरं सांगून आधीच्या खोट्यावर विश्वास टिकवला. दोन्ही तर्क त्याच पुराव्यावर उभे राहतात. म्हणूनच म्हणत होतो सुरुवातीपासून.