मदत हवी आहे: पियानोवर बेथोव्हनचा पथेतिक सोनाटा वाजवताना डावा हात भरून येतो

मृण्मयी_क: दुसऱ्या पानापर्यंत डावा हात भरून येतो आणि वाजवणं थांबवावं लागतं. हात लहान आहेत. परीक्षा तोंडावर आहे, लवकर सांगा.

कोमल_ऋषभ: कुठली मुव्हमेंट? दुखतं कुठे? ऑक्टेव्ह नीट लागतो की जेमतेम?

मृण्मयी_क: पहिलीच हो. ग्रेव्ह संपून ट्रेमोलो सुरू होतो तिथे. कोपराखाली, बाहेरच्या बाजूला दुखतं. ऑक्टेव्ह पट्ट्यांच्या कडेवरच लागतो.

श्रीकांत६२: रोज बोटं ताणायचा व्यायाम करा. आणि ऑक्टेव्हला काळ्या पट्टीवर ४, पांढरीवर ५ घ्या. हाच शास्त्रशुद्ध नियम.

कोमल_ऋषभ: श्रीकांतजी, तो नियम मोठ्या पंजाचा. लहान हाताने काळ्या पट्टीवर ४ घेतलं की मनगट वाकडं होतं. इथे सगळीकडे ५-१च ठेवा. काळी पट्टी आली की हात थोडा आत सरकवा. आणि दुखऱ्या हाताला ताणायला तर सांगूच नका.

मृण्मयी, दोष बहुधा पंजा पानभर उघडा धरून ठेवण्यात आहे. करंगळी वाजली की अंगठा लगेच सैल सोडा, अंगठा वाजला की करंगळी. कुलपात किल्ली फिरते तसा कोपरापासूनचा हात फिरू द्या. आधी हेच सा-प एवढ्या अंतरावर हळू वाजवा. मग सहावा, सातवा आणि शेवटी ऑक्टेव्ह. जोर ठोक्यावरच्या करंगळीला, अंगठा अगदी हलका. दोन बार झाले की थांबून पंजा पाहा. तो आपोआप मिटत नसेल तर अजून धरून ठेवताय. मागच्या अंतरावर या.

बाजावाला: पेटीवर डावा हात भात्यावर असतो, तिथे ही कटकटच नाही. मिनी-कीचा कीबोर्ड का घेत नाही?

कोमल_ऋषभ: त्याच्या पट्ट्या फार अरुंद, आखूड आणि वजनाशिवायच्या. त्यावर बसलेला हात पियानोवर चालत नाही.

ठाणेकर_परदेशी: अरुंद पट्ट्यांचा खरा पियानोही असतो. नेहमीचा ऑक्टेव्ह ६.५ इंचांचा, डीएस ५.५ नावाच्या मापात तो ५.५. म्हणजे तिथला ऑक्टेव्ह आपल्या सातव्याएवढाच लागतो. मधला डीएस ६.० पण आहे. ग्रँडच्या आत पट्ट्यांसकट दुसरी ॲक्शन बसवता येते.

मृण्मयी_क: माझा अपराइट आहे आणि परीक्षेला तिथलाच पियानो. अंगठ्याचे सूर गाळले तर?

श्रीकांत६२: अजिबात नाही! बेथोव्हनने लिहिलंय ते वाजवायचं.

कोमल_ऋषभ: ट्रेमोलोतले गाळू नका, तालच मोडेल. ग्रेव्हच्या जाड कॉर्डमधला दोनदा आलेला आतला सूर सोडला तर मला चालतो. परीक्षक काय म्हणतील ते आधी शिक्षकांना विचारा. आणि मुंग्या येत असतील किंवा बधिर होत असेल तर सराव बंद करून डॉक्टरांकडे जा.

श्रीकांत६२: एक सूर सोडला की दुसराही सुटतो. मला नाही पटत.

मृण्मयी_क: मुंग्या नाहीत. सा-प वर हात फिरतोय, सातव्याला मात्र अंगठा परत आखडतो.

कोमल_ऋषभ: मग सध्या सहाव्यावरच थांबा. बाक केवढा उंच आहे?