बंद दाराआड चाललेला खटला: निकाल तरी उघडा हवा का?

मृण्मयी: बलात्काराचे खटले इन कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड चालतात ते पटतं. पण साक्ष कुणी ऐकलीच नाही, तर न्यायाधीशांचं बरोबर की चूक हे लोकांनी कसं ठरवायचं? की निकालही झाकायचा?

अॅड. श्रीधर: निकाल झाकू नये. गोव्यातल्या म्हापशाचंच पाहा. 'तहलका' मासिकाच्या माजी संपादकांवरचा बलात्काराचा खटला तिथल्या सत्र न्यायालयात इन कॅमेरा चालला आणि मे २०२१ मध्ये ते निर्दोष सुटले. पाचशेहून अधिक पानांच्या निकालपत्रात तक्रारदार महिलेच्या नवऱ्याचं नाव आणि तिचा ईमेल पत्ता आला होता. दारं बंद ठेवून जपलेली ओळख निकालातूनच फुटली! सरकार अपिलात गेलं, तेव्हा उच्च न्यायालयाने त्याच सत्र न्यायालयाला ओळखीचे उल्लेख काढून मगच निकाल वेबसाइटवर टाकायला सांगितलं. पण निकाल दाबला नाही. घटनेनंतर तक्रारदार कशी वागली, यावर त्यात पानंच्या पानं होती. त्यावर एवढी टीका झाली, कारण निकाल वाचायला मिळाला.

विनायक: नाव काढून काय होतं? ऑफिस, हुद्दा, तारीख कळली की ओळखीचे लोक बरोबर ताडतात. मी म्हणतो, निकालही बंदच ठेवा. तसंही पीडितेचं नाव छापणं गुन्हाच आहे, तिने परवानगी दिली तरीही.

अॅड. श्रीधर: ताडण्याचा मुद्दा बरोबर. २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलं, दूरान्वयानेही ओळख पटेल असं काही छापू नका. परवानगीचं मात्र चुकलं. सज्ञान पीडितेने स्वतःहून लेखी संमती दिली तर नाव छापता येतं.

अश्विनी: माझ्या घटस्फोटात मी इन कॅमेरा मागितलं, मिळालंही. पण कोर्टाच्या यादीत दोघांची नावं जशीच्या तशी! मग उपयोग काय?

अॅड. श्रीधर: ताई, कौटुंबिक न्यायालयात एका बाजूने मागितलं तरी सुनावणी बंद करावी लागते. पण तेवढ्याने नाव झाकलं जात नाही, ते वेगळं मागावं लागतं. तुमच्या वकिलांनी हे सांगायला हवं होतं.

इक्बाल: आरोपीचं काय? सुटला तरी त्याचं नाव कायम नेटवर राहतं. म्हापशाच्या प्रकरणात त्या संपादकांनीच उच्च न्यायालयात इन कॅमेरा सुनावणी मागितली होती, ती नाकारली.

अॅड. श्रीधर: हो, नाकारली. इन कॅमेरा सुनावणीच्या कलमात चौकशी आणि खटला यांचाच उल्लेख आहे, अपिलाचा नाही. पण सुटलेल्या माणसाच्या नावाबद्दलचा तुमचा प्रश्न खरा आहे, आणि माझ्याकडे त्याचं समाधानकारक उत्तर नाही.

मृण्मयी: म्हणजे निकाल उघडा, ओळख पुसलेली. पण पुसायचं काम कुणाचं? ज्या कोर्टातून ती फुटली, त्यालाच सांगितलं ना?

विनायक: म्हणूनच माझं मत बदललेलं नाही.