प्रतिसाद: जोगप्पा आणि नॉन-बायनरी

"आपल्याकडचे जोगप्पा म्हणजे हिजडेच, आजच्या भाषेत नॉन-बायनरी."

दोन्ही अर्धवट खरं. हिजडा परंपरेत निर्वाण, म्हणजे लिंगच्छेद, याला मोठा मान. सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला वाहिलेल्या जोगप्पांना त्याची गरज नसते. तिथे खूण ठरते ती देवीची ओढ. डोक्यात जट आली, दुखणं हटेना, की घरचे म्हणतात यल्लम्मानं धरलंय. मग लाल-पांढऱ्या मण्यांची माळ, म्हणजे मुत्तू, गळ्यात बांधतात. साडी, परडी आणि डोक्यावर जग, म्हणजे देवीची मूर्ती असलेली टोपली, येतो. अनेकजण घराशी नातं टिकवून असतात, काहींचं लग्नही झालेलं असतं.

नॉन-बायनरी व्यक्ती मात्र स्वतःबद्दल सांगते, की मी पुरुष-बाई या दोन्ही चौकटींत पुरती बसत नाही. जेंडर-फ्लुइड व्यक्तीची ही जाणीव काळानुसार बदलते. त्याला देवीची साक्ष लागत नाही. पुष्कळ जोगप्पा तर स्वतःला सरळ बाईच मानतात. आणि गोम इथेच आहे: देवीचं नाव असेल तर गाव पाया पडतं, तेच पोरानं नुसतं "मला असं वाटतं" म्हटलं तर मारतं. बाकी 2019 च्या ट्रान्सजेंडर कायद्याच्या मूळ व्याख्येत 'जोगता' ही परंपरेतली ओळख आणि नॉन-बायनरीच्या जवळचा 'जेंडरक्विअर' हा शब्द, दोन्ही वेगवेगळे नोंदले होते.