तारखेचा आकडा वाचनीय करताना: सेलचे फॉरमॅट बदलावे की TEXT सूत्र वापरावे?

मेघना: दुसऱ्या प्रणालीतून आलेल्या एक्सेल फाइलमध्ये तारखेच्या स्तंभात ४५३५५, ४५३८५ असे आकडे दिसत आहेत. मला ते आधी दिवस, मग महिना, मग वर्ष या क्रमाने हवे आहेत. सेलचे फॉरमॅट बदलावे, की TEXT सूत्राने नवा स्तंभ करावा? कारणांसह मत द्यावे.

श्रीधर: माझ्या मते फॉरमॅटच बदलावे. तो आकडा म्हणजे दिवसांची मोजणी आहे. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरला की ४५३५५ म्हणजे ४ मार्च २०२४ आणि ४५३८५ म्हणजे ३ एप्रिल २०२४. स्तंभ निवडून Ctrl+1 दाबावे आणि Custom मध्ये `dd-mm-yyyy` लिहावे. सेलमध्ये आकडा तसाच राहतो, फक्त त्याचे दर्शन बदलते, त्यामुळे दोन तारखांमधले ३० दिवसांचे अंतर वजाबाकीने लगेच मिळते आणि क्रमवारीही कालानुसार लागते. TEXT मधून जे बाहेर पडते ते मात्र अक्षरांची माळ असते. ती चढत्या क्रमाने लावली तर ०३-०४-२०२४ हे ०४-०३-२०२४ च्या आधी येते, म्हणजे एप्रिल मार्चच्या आधी. अहवालात ही चूक चटकन लक्षातही येत नाही.

अनुराधा: मी पूर्णपणे असहमत आहे. फॉरमॅट हे वरवरचे काम आहे. केवळ मूल्ये दुसरीकडे चिकटवली की पुन्हा ४५३५५ दिसते, आणि `="दिनांक "&A2` असे वाक्य जोडले तरी तोच आकडा येतो. सीएसव्ही फाइल केली तरीही फॉरमॅट नाहीसे होऊन आकडाच जातो. म्हणून

```
=TEXT(A2,"dd-mm-yyyy")
```

हाच खात्रीचा मार्ग आहे.

श्रीधर: अनुराधाताई, पहिले दोन मुद्दे मला मान्य आहेत, वाक्यात तारीख जोडायची असेल तिथे TEXT शिवाय मार्ग नाही. सीएसव्हीबद्दल मात्र उलट घडते. एक्सेल त्या फाइलमध्ये सेलमध्ये दिसणारे रूप लिहिते, म्हणून आधी फॉरमॅट दिले असेल तर ०४-०३-२०२४ असेच जाते. फाइल नोटपॅडमध्ये उघडून हे तपासता येईल. एक्सेलमध्येच उघडली तर ते तारखेचा स्वतःच्या समजुतीने पुन्हा अर्थ लावते आणि नेमके काय लिहिले गेले ते कळत नाही. शिवाय TEXT मधली `yyyy` ही अक्षरे सगळीकडे चालत नाहीत. जर्मन प्रादेशिक मांडणीच्या संगणकावर तिथे `JJJJ` लागते, आणि सूत्रातला मजकूर अवतरणात असल्यामुळे एक्सेल तो आपोआप बदलत नाही. सेलचे फॉरमॅट मात्र तो संगणक आपल्या भाषेत समजून घेतो.

प्रकाश: माझ्याकडेही असेच आकडे आले होते आणि मी `dd-mm-yyyy` दिले, पण ४ मार्च २०२४ च्या जागी ३ मार्च २०२० आले. म्हणजे फॉरमॅट तारीखच बदलते, असे मला वाटते. मग ते कसे वापरावे?

श्रीधर: प्रकाशराव, फॉरमॅटने तारीख बदललेली नाही. तुमचे आकडे १९०४ पासून मोजणाऱ्या फाइलमधून आले असावेत. मॅकवरच्या जुन्या एक्सेल फाइलींत ती पद्धत असते. दोन्ही मोजण्यांत १४६२ दिवसांचा फरक आहे, म्हणजे चार वर्षे आणि एक दिवस, आणि तुमचे अंतर नेमके तेवढेच आहे. प्रत्येक आकड्यात १४६२ मिळवावेत आणि मगच फॉरमॅट द्यावे. त्याआधी मूळ कागदावरून एक तरी तारीख जुळवून पाहावी, कारण चार वर्षे मागची तारीखही खरीच वाटते.

मेघना: फॉरमॅट देऊनही काही ओळींत तारीख डावीकडे चिकटून राहते आणि जशीच्या तशी दिसते. ते कशाने?

श्रीधर: त्या ओळींत आकडा नसून मजकूर आहे, आणि मजकुरावर तारखेचे फॉरमॅट चालत नाही. `=ISNUMBER(A2)` लिहिल्यास तिथे `FALSE` येईल. बहुधा महिना आधी वाचणाऱ्या संगणकाने २५-०३-२०२४ मधला पंचविसावा महिना नाकारला आणि ती ओळ मजकूर म्हणून सोडली. खरी चिंता उरलेल्या ओळींची आहे: त्याच संगणकाने ०४-०३-२०२४ ही ३ एप्रिल म्हणून विनातक्रार स्वीकारली असेल, आणि मग तुमचे ४५३८५ मुळात ४ मार्चही असू शकते. केवळ आकड्यावरून हे ओळखता येणार नाही. मूळ नोंदच पाहावी लागेल.

अनुराधा: म्हणजे धोका क्रमातच आहे. मग वाचणाऱ्यासाठी `dd-mmm-yyyy` ठेवून महिना अक्षरांत दाखवावा, आणि दुसऱ्या प्रणालीला पाठवायचे असेल तर `yyyy-mm-dd` हा क्रम घ्यावा. तो मजकूर झाला तरी क्रमवारी बिघडत नाही, म्हणून तिथे मी TEXT सोडणार नाही.

श्रीधर: पाठवण्यापुरते मान्य आहे, पण मूळ आकड्याचा स्तंभ शेजारी राहू द्यावा, तो पुसून केवळ मजकूर ठेवण्याला माझा विरोध कायम आहे.

अनुराधा: दोन स्तंभ ठेवले की कुणीतरी एकातच दुरुस्ती करते आणि दोघांत विसंगती येते. मला एकच हवा.