अनुभव धागा: कॉलेज फेस्टसाठी स्पॉन्सर मागायचं पत्र. दिलेलं, घेतलेलं, फाडलेलं

टेबलाच्या_दोन्ही_बाजू

सांगलीत शिकत असताना मी दोन वर्षं फेस्टची पत्रं घेऊन दुकानं पालथी घातली. आता एका दुचाकी शोरूममध्ये मार्केटिंग बघतो, त्यामुळे दर डिसेंबरात तशीच पत्रं माझ्या टेबलावर येऊन पडतात. 'आपल्या नामांकित कंपनीची तरुणाईत प्रसिद्धी होईल' हे वाक्य जवळपास सगळ्यांत असतं. पुढे सोनेरी, चंदेरी, कांस्य असे तीन भाव आणि प्रत्येकात 'लोगो सर्वत्र'. पण सर्वत्र म्हणजे कुठे?

माझाच किस्सा आधी सांगतो, मग तुम्ही लिहा.

तिसऱ्या वर्षाला मी एका दुचाकी डीलरकडे एक लाखाचं पत्र घेऊन गेलो. '५००० विद्यार्थी येतात' असं छातीठोकपणे लिहिलं होतं. मालकांनी चहा मागवला आणि तीनच प्रश्न विचारले. पाच हजार कशावरून? त्यातले अठराच्या वरचे किती? आणि माझ्या गाडीला कुणी हात लावेल का, की नुसता बोर्ड बघून जातील? चहा संपला, माझी उत्तरं काही आली नाहीत. आमच्या गर्दीत निम्मी पोरं अकरावी-बारावीची होती. लायसन्सच नाही, तर गाडी कसली घेतायत!

दुसऱ्या दिवशी मी आणि माझा मित्र पार्किंगच्या फाटकाशी वही घेऊन बसलो. दोन दिवस, सकाळी ९ ते ११. रोज साधारण चारशे दुचाकी आत येत होत्या, आणि शंभरेक पोरं बसस्टॉपवरून चालत येत होती. डीलरला हवी होती ती ही चालत येणारी, आणि ज्यांच्या गाड्या जुन्या झाल्यात ती. मागच्या वर्षीच्या प्रवेशपत्रिकांच्या पावतीपुस्तकात १६४० पावत्या फाटलेल्या होत्या. म्हणून ५००० खोडून 'मागच्या वर्षी १६४० प्रवेशपत्रिका गेल्या, पावतीपुस्तक सोबत दाखवू' असं लिहिलं. आकडा तिसऱ्या हिश्श्यावर आला, पण मालकांनी तोच वाक्यावर बोट ठेवून दोनदा वाचला.

नवीन पत्रातला मधला परिच्छेद असा होता:

> 'पार्किंगमधून मुख्य मंचाकडे जाणाऱ्या एकाच वाटेवर १० बाय १० फुटांची जागा, दोन्ही दिवस सकाळी ९ ते रात्री ८. तेथे आपल्या दोन गाड्या उभ्या राहतील. ज्यांना चालवून बघायची आहे त्यांनी आपल्या हाताने फॉर्म भरून कूपन घ्यायचे आणि पंधरा दिवसांत शोरूमला यायचे. शेजारच्या फाटकापासून मंचापर्यंत दुसऱ्या कोणत्याही दुचाकी कंपनीचा फलक लागणार नाही. मोबदला ४०,००० रुपये: २०,००० होकार देताना, १०,००० जागा उभी राहिल्यावर, १०,००० कार्यक्रमानंतर आठ दिवसांत फोटो आणि कूपनांची गोळाबेरीज दिल्यावर.'

आधी आम्ही कॉलेजच्या आवारातच गाडी चालवून बघण्याची सोय लिहिली होती. प्राचार्यांनी एका वाक्यात ती कापली: 'पडला कुणी तर कोण बघणार?' त्यावरून निघाली ती कूपनची युक्ती. ३०० कूपनं छापली, ११८ गेली, त्यातले ४१ जण शोरूमला पोचले. गाड्या किती विकल्या गेल्या ते त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. शेवटचा दहा हजारांचा चेक मात्र नवव्या दिवशी मिळाला.

मेनरोडचं_कापडदुकान

छान लिहिलंयत. आता आमची बाजू ऐका. साताऱ्यात कापडाचं दुकान आहे, वय ५८. चार वर्षांपूर्वी १५,००० दिले, 'मंचावर बॅनर' म्हणून. मुलगा, सून, मी, तिघंही बघायला गेलो. बॅनर होता खरा, पण जनरेटरच्या मागे, झाडाला एका दोरीवर. मंचावर वेगळ्याच कुणाचा. अध्यक्ष म्हणाला, 'काका, त्यांनी ऐनवेळी जास्त दिले.' तेव्हापासून आमचं धोरण एकच: पत्रात जागेचं चित्र काढून द्या. मंच कुठे, जनरेटर कुठे, माझा फलक कुठे, फलक किती फुटी. हाताने काढलेलं चालेल.

आणि फॅशन शोची पोरं कपडे फुकट मागतात ती गोष्ट वेगळी. मी देतो, पण परत आलेल्या शेरवानीवर पनीर मसाला असतो.

व्हिसा_आई

माझ्या मुलाला जर्मनीला जायचंय, त्याच्या काकांनी स्पॉन्सरशिप लेटर द्यायचं आहे. ते नोटरी करावं लागतं का? इथे कुणी दिलंय का?

टेबलाच्या_दोन्ही_बाजू

ताई, हा धागा फेस्टच्या पत्रांचा आहे, तुमचं पत्र वेगळं. वकिलातीच्या यादीत काय लिहिलंय तेच धरा.

सिव्हिल_तिसरं_वर्ष

नमस्कार, सोलापूर. यंदा मी खजिनदार आहे. आमच्या सिनियरने सांगितलंय की मोठ्या कंपनीला 'सीएसआरमधून द्या' असं लिहायचं, कारण त्यांना नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामाला द्यावेच लागतात, नाहीतर दंड. आणि पत्राला 'देणगी विनंती' असं नाव द्यायचं म्हणजे कंपनीला कर सवलतही. बरोबर ना?

लेखापरीक्षक_नगरकर

२ टक्के बरोबर, बाकीचं अर्धवट. ती सक्ती सगळ्या कंपन्यांना नाही. मागच्या वर्षी निव्वळ नफा ५ कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा नेटवर्थ ५०० कोटी, यातलं काहीतरी हवं. गावातला डीलर त्यात सहसा बसत नाही. आणि बसला तरी २०२१ पासूनच्या नियमांत स्पष्ट आहे: मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेली स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये धरत नाहीत. तुमच्या पत्रात लोगो, स्टॉल, निवेदकाने नाव घेणं हे सगळं असेल तर तो जाहिरातीचा व्यवहार आहे. वर 'देणगी' लिहून खाली स्टॉल लिहिला की त्यांचा अकाउंटंट पत्र बाजूला ठेवतो. तो कंपनीच्या जाहिरात खर्चात टाकू शकतो, त्याला तेच सोपं.

आणि एक. पैसे कॉलेजच्या खात्यात, कॉलेजच्या पॅनवर. आमच्या क्लायंटकडून एका फेस्टला ६०,००० कबूल होते, खात्यात ५८,८०० आले. खजिनदार पोरगी रडकुंडीला, समितीत कुणी खाल्ले म्हणून कुजबुज सुरू. जाहिरातीच्या कंत्राटावर २ टक्के टीडीएस कापला होता, एवढंच. १२०० रुपये संस्थेच्या खात्यावर जमा दिसतात, पण फेस्टच्या वहीत येत नाहीत. बजेट करताना ते धरूनच चाला. जीएसटीचं बिल कुणी कसं द्यायचं हे कॉलेजच्या हिशेबनिसाला पत्र पाठवण्याआधी विचारा, नंतर नाही.

सिव्हिल_तिसरं_वर्ष

सर, आमच्याकडे तर सरळ जीएसच्या गूगलपेवर घेतात…

लेखापरीक्षक_नगरकर

म्हणूनच मोठे लोक देत नाहीत.

पीआर_होते_मी

माझा अनुभव जरा कडू आहे. पुण्यातलं कॉलेज, नाव नको. एका कोचिंग क्लासने ३०,००० देऊ केले, अट एकच: सहभागी मुलांची नावं आणि फोन नंबर. पत्रात मी तो मुद्दा 'सहभागींचा डेटाबेस' म्हणून फायद्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर टाकला होता, मला भारी वाटलं होतं. ७०० नंबर एक्सेलमध्ये दिले. पुढचे दोन महिने मुलींना रात्री नऊला फोन. माझ्या रूममेटने माझ्याशी बोलणं बंद केलं, कारण तिचा नंबर मीच दिला होता. क्लासला मात्र काहीच वाईट वाटलं नाही, पुढच्या वर्षी परत विचारायला आले.

फेस्टवाला दादांची 'आपल्या हाताने फॉर्म भरून' ही ओळ मला तेव्हा सुचायला हवी होती. ११८ फॉर्म म्हणजे ११८ जणांना खरंच हवं होतं.

टेबलाच्या_दोन्ही_बाजू

दादा मीच, फेस्टवाला कुणी दुसरा नाही 😀 आणि हो, माझ्या साहेबांनाही ७०० नंबरांपेक्षा ११८ आवडतात. ७०० ना फोन करायला माणूस लागतो.

सहकारी_बँकेत_आहे

आम्हाला पोरांच्या नंबरांपेक्षा खाती हवीत. गेल्या वर्षी एका पत्रात 'शून्य शिल्लक खात्यांसाठी टेबल' असं लिहिलं होतं, आम्हाला आवडलं, १०,००० दिले. पण आधार-पॅन घेऊन फेस्टला कोण येतं? दिवसभरात चार खाती. तीन समितीच्याच पोरांची, एक पहारेकऱ्याचं. पत्रावर राग नाही, पण त्यांनी दोन दिवस आधी वर्गावर्गात 'कागद घेऊन या' एवढं सांगितलं असतं तर.

पहिल्यांदा_वाचतोय

'दुसऱ्या दुचाकीचा फलक लागणार नाही' हे जपून लिहा. आम्ही एका कोल्ड्रिंक कंपनीला हेच लिहून दिलं आणि कँटीनवाल्याच्या फ्रीजवर दुसऱ्याच कंपनीचं चित्र निघालं. फ्रीज झाकायला चादर आणली. कार्यक्रमाचे सगळे फोटो चादरीतल्या फ्रीजसकट.

टेबलाच्या_दोन्ही_बाजू

म्हणून आम्ही 'आवारात कुठेही नाही' असं लिहिलं नाही, 'फाटकापासून मंचापर्यंत' एवढंच लिहिलं. ती वाट आमच्या ताब्यात होती. तरी या एका कलमासाठी डीलर किती जास्त देतो याबाबत माझंच मत पक्कं नाही. आमच्या मालकांनी ते मागितलं होतं, पण माझे सध्याचे साहेब म्हणतात, 'शेजारी दुसरी गाडी असली तर गिऱ्हाईक दोन्ही बघतं, मग आपली घेतं.' आपापल्या गाडीवर विश्वास असेल तसं.

सिव्हिल_तिसरं_वर्ष

सगळं वाचून पत्र परत लिहिलं. आता एकच पान आहे. सुरुवात अशी:

> 'मागच्या वर्षी आमच्या फेस्टला ९१२ प्रवेशपत्रिका गेल्या. त्यातल्या २६० मुली पारंपरिक पोशाखाच्या स्पर्धेत किंवा नृत्यात होत्या. आपल्या दुकानासाठी मंचाच्या डाव्या हाताला ८ बाय ४ फुटांचा फलक आणि स्पर्धेतील पहिल्या तीन क्रमांकांना आपल्या दुकानाचे कूपन, असे आम्ही सुचवतो. जागेचे रेखाचित्र मागच्या बाजूस आहे. विनंती रक्कम १२,००० रुपये.'

२६० चा आकडा स्पर्धांच्या नोंदणीवहीतून मोजलाय. पण एकीने दोन्हींत भाग घेतला असेल तर ती दोनदा मोजली गेलीय. कमी करू का?

टेबलाच्या_दोन्ही_बाजू

कर. २३८ निघाले तर २३८ लिही.

लेखापरीक्षक_नगरकर

'विनंती रक्कम' नको, 'मोबदला' लिही. खाली कॉलेजच्या खात्याचा क्रमांक आणि प्राचार्यांची सही.

मेनरोडचं_कापडदुकान

कूपन म्हणजे माझ्याच खिशातून पोरींना बक्षीस, हे चलाख आहेस. पण चालेल, कूपन घेऊन आलेली पोरगी आईला घेऊन येते आणि आई साडी बघते. सोलापुरात माझ्या मेव्हण्याचं दुकान आहे, त्याला सांगतो. फक्त सकाळी दहाच्या आत जाऊ नकोस, भवानी व्हायच्या आधी कुणी पैसे मागितलेले त्याला चालत नाहीत. चारनंतर जा. आणि त्या रेखाचित्रात जनरेटर कुठे आहे ते पण दाखव.